एक माणूस, एक मूल्य : कानाने जपलेले आणि कानाने गाळलेले

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेले समारोपाचे भाषण आपण सर्वजण वाचत आलो आहोत. सभागृहातील सदस्यांनी मात्र ते त्या दिवशी ऐकले होते. वाचणाऱ्याला एखादे वाक्य निसटले तर मागे जाता येते, ऐकणाऱ्याला येत नाही. वाक्य एकदाच येते आणि त्याच क्षणी मनात रुतले नाही तर पुढच्या वाक्याखाली दबून जाते. म्हणूनच बोलण्यासाठी रचलेले वाक्य आणि वाचण्यासाठी रचलेले वाक्य यांची बांधणी वेगळी असते.

परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच निकराचा होतो. त्यांच्यापैकी अनेकांना घरातली मराठी कळते, पण देवनागरी वाचता येत नाही. १४ एप्रिलला किंवा ६ डिसेंबरला भाड्याच्या सभागृहात जे बोलले जाते, तेवढीच त्यांच्यापर्यंत पोहोचणारी मराठीतली आंबेडकरी विचारसंपदा असते. तिच्यातले एखादे वाक्य त्यांच्या कानात राहिले तर राहिले, कारण घरी जाऊन ते शोधून वाचण्याचा मार्ग त्यांना मोकळा नसतो. या लेखात आम्ही त्या भाषणातला एकच भाग घेऊन, वाक्य कानात कसे राहते आणि राहताना त्यातले काय गळून पडते, हे पाहणार आहोत.

कानाला आधार देणाऱ्या तीन रचना आहेत. पहिली त्रयी, म्हणजे एकाच घाटाचे तीन घटक ओळीने ठेवणे. दुसरी विरोध, म्हणजे सारख्या घाटाची दोन वाक्ये समोरासमोर उभी करून एकाच जागी फरक करणे. तिसरीला आम्ही पडसाद म्हणू. आधी येऊन गेलेला शब्द किंवा वाक्यांश काही अंतराने पुन्हा आणणे आणि तो येताना त्याचा अर्थ बदललेला असणे, म्हणजे पडसाद. अर्थ बदलला नाही तर ती नुसती पुनरुक्ती होते.

या रचना आपल्याला परक्या नाहीत. त्रिसरण आठवून पाहावे. बुद्ध, धम्म आणि संघ ही त्रयी एकदा म्हणून होते, मग आरंभी ‘दुतियम्पि’ जोडून तीच पुन्हा येते आणि शेवटी ‘ततियम्पि’ जोडून तिसऱ्यांदा येते. पाली न शिकलेले पाच वर्षांचे मूलही ते बिनचूक म्हणते, कारण दर वेळी बदलणारा शब्द एकच असतो आणि तो ठरलेल्या जागी, आरंभीच येतो. बुद्धवचन लिपिबद्ध होण्यापूर्वी कित्येक शतके भिक्खूंनी पाठांतराने सांभाळले. पाली सुत्तांत समानार्थी शब्दांची रांग लागते तेव्हा आखूड शब्द आधी आणि लांब शब्द नंतर ठेवण्याकडे कल दिसतो. त्याचे कारण उघड आहे. कान चढण सहज चढतो, पण लांब शब्दानंतर आखूड शब्द आला की त्याला ठेच लागते.

आता त्या भाषणाकडे वळू. कामकाजाचा आढावा आणि टीकेला उत्तरे देऊन झाल्यावर बाबासाहेब देशाच्या भवितव्याविषयी बोलू लागतात आणि २६ जानेवारी १९५० ही तारीख उच्चारतात. त्या दिवशी भारत स्वतंत्र देश असेल, असे ते म्हणतात तेव्हा सभागृहात हर्षध्वनी झाल्याची नोंद आहे. लगेच ते विचारतात, या स्वातंत्र्याचे पुढे काय होईल? भारत ते टिकवील, की दुसऱ्यांदा गमावील? काही वेळाने तीच तारीख पुन्हा येते. त्या दिवशी भारत लोकशाही देश होईल, असे सांगून ते तोच प्रश्न लोकशाहीविषयी विचारतात. भिक्खू संघांना संसदीय कार्यपद्धती ठाऊक होती, ती लोकशाही परंपरा भारताने गमावली, आता तो ती दुसऱ्यांदा गमावील काय, असा त्यांचा युक्तिवाद आहे. येथे तारखेचाही पडसाद आहे आणि ‘दुसऱ्यांदा’ या प्रश्नाचाही.

त्यानंतर ते तीन इशारे देतात. संवैधानिक मार्ग सोडू नका, थोर माणसाच्या चरणी आपले स्वातंत्र्य वाहू नका आणि केवळ राजकीय लोकशाहीवर समाधान मानू नका. हा तिसरा इशारा देत असताना तीच तारीख तिसऱ्यांदा येते. दोनदा ऐकून कान आता सरावलेला असतो. तारखेमागून काहीतरी शुभ येणार, अशी त्याची अपेक्षा तयार झालेली असते. या वेळी मात्र ऐकू येते की २६ जानेवारी १९५० रोजी आपण विसंगतीच्या जीवनात प्रवेश करणार आहोत. शिवाय कर्ताही बदललेला आहे. पहिल्या दोन वेळी वाक्य भारताविषयी होते, तिसऱ्या वेळी ते ‘आपण’ या शब्दावर येते. सभागृहात टाळ्या देणारे सदस्य एकाएकी त्या वाक्याच्या आत सापडतात. पहिली दोन उच्चारणे नसती तर तिसऱ्याला ही धार आली नसती.

पुढचे वाक्य विरोधाचे आहे. राजकारणात समता असेल आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता असेल. दोन्ही अंगांचा घाट एक, फरक एका शब्दाचा. मग तोच विरोध ते अधिक नेमका करतात. राजकारणात आपण एक माणूस एक मत आणि एक मत एक मूल्य हे तत्त्व मान्य करणार आहोत, पण सामाजिक व आर्थिक जीवनात मात्र एक माणूस एक मूल्य हे तत्त्व नाकारत राहणार आहोत.

या बांधणीत केवळ तीनच नामे आहेत, माणूस, मत आणि मूल्य. पहिल्या पायरीवर माणसापासून मताकडे जाणे होते, दुसरीवर मतापासून मूल्याकडे. तिसरी पायरी पहिलीचा आरंभ आणि दुसरीचा शेवट जोडते. ऐकणाऱ्याचे मन ही जोडणी स्वतःच करू लागते. माणसाला मत मिळाले, मताला मूल्य मिळाले, तेव्हा माणसाला मूल्य मिळालेच पाहिजे, असा हिशेब वक्त्याच्या आधी श्रोत्याच्या मनात पूर्ण होतो. नेमक्या त्या जागी नकार येतो. त्रयी, विरोध आणि पडसाद तिन्ही एकाच ठिकाणी भेटतात. तिसरा घटक त्रयी पूर्ण करतो, पहिल्या दोघांचे शब्द परत आणतो आणि त्यांच्याविरुद्ध उभा राहतो.

भाषण इंग्रजीत होते. त्यातील तीन शब्दांपैकी दोनच एका वर्णाने सुरू होतात, मराठीत मात्र माणूस, मत आणि मूल्य या तिघांचाही आरंभ ‘म’ने होतो. त्यामुळे मराठीत हे वाक्य कानाला अधिकच घट्ट धरते. ‘माणूस’च्या जागी ‘व्यक्ती’ हा शब्द घातला की हा धागा तुटतो. आता लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की आपल्या व्यासपीठांवर जे वाक्य रूढ झाले ते नेमके ‘एक व्यक्ती, एक मत, एक मूल्य’ असे आहे. तोट्याची बाब केवळ अनुप्रासाची नाही. तीन पायऱ्यांचा युक्तिवाद या घोषणेत तीन शब्दांच्या एकाच रांगेत दाबला गेला आणि नाकारलेली तिसरी पायरी त्यात नाहीशी झाली. मूळ भाषणात ती तक्रार होती, इशारा होता. घोषणेत ती संविधानाने पूर्ण केलेल्या कार्याची प्रशस्ती होऊन बसली. ही घोषणा ऐकून मोठा झालेला मुलगा असे समजेल की समतेचा हिशेब १९५० सालीच चुकता झाला.

असे का घडले? कानाने आपले काम चोख केले, म्हणूनच घडले. त्याने घाट जपला आणि घाटाबाहेरचे सारे गाळले. एक-एक-एक ही लय घाटाच्या आत होती. मान्य करणे आणि नाकारणे ही क्रियापदे लांब वाक्यांत, घाटाच्या बाहेर होती. म्हणून लय टिकली आणि नकार गळाला. वक्त्यासाठी यातला बोध स्पष्ट आहे. ज्या शब्दात विचाराचा डंख आहे, तो शब्द लक्षात राहणाऱ्या घाटाच्या आतच बसवला पाहिजे. आपल्या कार्यक्रमात हा युक्तिवाद मराठीत पोहोचवायचा असेल तर तो असा मांडता येईल:

एक माणूस, एक मत. दिले.
एक मत, एक मूल्य. दिले.
एक माणूस, एक मूल्य. दिले नाही.

ही मांडणी आमची आहे, बाबासाहेबांची नव्हे, आणि व्यासपीठावरही तसेच सांगितले पाहिजे. तिच्यात एवढेच केले आहे की नकार घाटात आणला. आता ज्याला लय आठवेल त्याला ‘नाही’ही आठवेल, कारण ‘नाही’वाचून लय पुरी होत नाही.

कान गाळतो याचा दुसरा दाखलाही आपल्याच घरचा आहे. जुलै १९४२ मध्ये नागपूरला भरलेल्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेत बाबासाहेबांनी शिक्षण, चळवळ आणि संघटन या क्रमाने तीन आज्ञा दिल्या आणि त्यांना जोडूनच स्वतःवर विश्वास ठेवण्यास सांगितले. मराठीत रूढ झाली ती घोषणा ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ अशी. म्हणजे क्रम बदलला आणि चौथी गोष्ट गळाली. क्रम का बदलला असावा, हे उच्चारून पाहिले की कानाला कळते. आखूड ‘शिका’ आधी येते, मग ‘सं’ने सुरू होणारे दोन शब्द लागून येतात आणि शेवट ‘करा’ या ठाम आज्ञेवर होतो. चढण साधली आहे. पण आधी चळवळ आणि तिच्यातून संघटन हा एक विचार आहे, आधी संघटन आणि मग संघर्ष हा दुसरा. कोणता क्रम योग्य, यावर कार्यकर्त्यांत अजून वाद होतात. आमचे म्हणणे एवढेच की हा बदल नादाच्या सोयीने पचला आणि चार गोष्टींपैकी कानाने तीनच राखल्या. महत्त्वाचे चौथे काही सांगायचे असेल तर ते त्रयीला शेपटासारखे जोडू नये, त्याला स्वतंत्र वाक्य द्यावे.

आता एक वाक्य आरंभापासून घडवून पाहू. विषय जातीच्या स्थलांतराचा घेऊ. सिएटल शहराच्या नगर परिषदेने फेब्रुवारी २०२३ मध्ये भेदभावविरोधी कायद्यात जातीचा समावेश केला, तेव्हापासून आपल्या कार्यक्रमांत हा विषय पुन्हापुन्हा येतो. समजा, लेखी मसुद्यात असे वाक्य आहे: ‘स्थलांतरानंतर आपल्या आर्थिक परिस्थितीत लक्षणीय सुधारणा झाली असली, तरी जातिव्यवस्थेने घडवलेल्या मानसिकतेतून समाजाची पूर्णतः मुक्तता झालेली नाही.’ लेखात हे वाक्य शोभेल. सभागृहात ते संपेपर्यंत आरंभ विसरलेला असेल आणि मुलांना त्यातले निम्मे शब्द अनोळखी असतील.

पहिली पायरी म्हणजे भाववाचक शब्दांच्या जागी हाताला लागणारे शब्द आणणे. परिस्थिती सुधारली म्हणजे नेमके काय झाले? देश बदलला, पत्ता बदलला, पगार बदलला. मानसिकता उरली म्हणजे काय उरले? ‘आडनाव काय?’ हा प्रश्न उरला. आता मसुदा असा होतो: ‘देश बदलला, पत्ता बदलला, भाषा बदलली, पगार बदलला, पण आडनाव विचारून जात ताडण्याची लोकांची सवय मात्र बदलली नाही.’

दुसरी पायरी छाटणीची. चार घटकांतला एक काढावा लागेल. मराठीत क्रियापद नामाच्या लिंगाप्रमाणे बदलते, त्यामुळे ‘भाषा बदलली’ आली की यमकाचा साचा मधेच मोडतो. देश, पत्ता आणि पगार हे तिन्ही शब्द पुल्लिंगी आहेत. ‘भाषा’ काढली की ‘बदलला’ हे रूप तीनदा तंतोतंत येते. ‘सवय’ स्त्रीलिंगी आहे. तिच्याऐवजी ‘प्रश्न’ घेतला तर चौथ्या ठिकाणीही तेच रूप राहते आणि फरक फक्त शेवटच्या ‘नाही’चा उरतो. त्रिसरणात बदलणारा शब्द आरंभी असतो, येथे तो अगदी अखेरीस आहे. मराठीत नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येत असल्याने श्रोता शेवटच्या शब्दापर्यंत अडकून राहतो. ही सोय आपल्या भाषेने दिलेली आहे.

तिसरी पायरी, ‘पण’ आणि ‘मात्र’ काढून टाकणे. हे शब्द विरोधाची दवंडी आधीच पिटतात आणि श्रोता सावध होतो. त्यांच्या जागी एका श्वासाचा विराम घ्यावा. आता वाक्य असे उरते: ‘देश बदलला. पत्ता बदलला. पगार बदलला. प्रश्न बदलला नाही.’ पहिले तीन शब्द लहानापासून मोठ्याकडे चढत जातात, पत्ता, पगार आणि प्रश्न यांना ‘प’ बांधतो आणि यातला एकही शब्द घरात मराठी बोलणाऱ्या मुलाला अडणार नाही.

चौथी पायरी पडसादाची. हे वाक्य पोहोचण्यासाठी ‘प्रश्न’ म्हणजे कोणता प्रश्न, हे श्रोत्याला आधीच ठाऊक हवे. म्हणून दहा मिनिटांच्या भाषणात पहिल्या दोन मिनिटांत ‘आडनाव काय?’ हे शब्द एखाद्या साध्या प्रसंगात येऊन गेले पाहिजेत. तेथे ते ठासून म्हणू नयेत, सहज येऊ द्यावेत. मध्यावर चार वाक्यांची मुख्य ओळ येईल. शेवटच्या मिनिटात ती परत येईल, पण बदलून: ‘प्रश्न बदलला नाही. उत्तर बदलू या.’ मधे त्या शब्दांचा भडिमार केला तर शेवटचा पडसाद बोथट होतो. फार अंतर ठेवले आणि मधे त्याची आठवण दिली नाही, तर श्रोत्याला तो पडसाद आहे हेच उमगत नाही.

एक सावधगिरी मराठी उच्चारांची आहे. ‘अ’ लावून केलेले विरोधी शब्द कागदावर स्पष्ट दिसतात, बोलताना मात्र तो ‘अ’ आधीच्या स्वरात विरून जातो. ‘हा असमान व्यवहार’ हे घुमणाऱ्या सभागृहात मागच्या रांगेला ‘हा समान व्यवहार’ असे ऐकू येऊ शकते आणि अर्थ उलटा होतो. समता आणि विषमता या जोडीत ‘वि’ हे ठसठशीत अक्षर आहे, त्यामुळे ती जोडी टिकते. शक्य तेथे सर्वस्वी वेगळ्या देहाचे शब्द घ्यावेत. हक्क आणि भीक यांची गफलत कोणाचा कान करणार नाही.

वाक्य साधले की नाही, हे ओळखण्याच्या तीन कसोट्या आम्ही वापरतो. पहिली, ते वाक्य फोनवरून एखाद्या परिचिताला एकदाच ऐकवावे आणि तासाभराने परत विचारावे. तो जे शब्द बदलतो किंवा गाळतो, तेथे बांधणी सैल आहे. दुसरी, त्रयीतला मधला घटक काढून पाहावा. अर्थ जराही कमी झाला नाही तर तो घटक भरतीचा होता. ‘ज्ञान, विद्या आणि शिक्षण’ ही त्रयी नव्हे, एकाच गोष्टीची तीन नावे आहेत. तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची आहे. परिचिताला जेवढे आठवले तेवढेच कागदावर लिहावे आणि संदर्भाविना वाचावे. त्यातून आपला विचार निघतो का, की त्याच्या उलट काही निघते? ‘एक व्यक्ती, एक मत, एक मूल्य’ ही घोषणा याच कसोटीवर अडखळते.

या साऱ्याला मर्यादाही आहे. संपूर्ण भाषण त्रयींनी भरले तर कान त्यांची दखल घेणे सोडतो. दहा मिनिटांत अशी एकच ओळ पुरे, बाकी भाषण साध्या, मोकळ्या वाक्यांत असावे. बाबासाहेबांच्या त्या भाषणाचा मोठा भाग तपशील, दाखले आणि युक्तिवाद यांनी भरलेला आहे, म्हणूनच तिसऱ्यांदा आलेली ती तारीख धक्का देऊ शकते. शिवाय जेथे खरा विरोध नाही तेथे तो शब्दांनी उभा करू नये. देश बदलूनही आडनाव विचारले जाते, हे आपण अनुभवतो, म्हणून ते वाक्य उभे राहते. अनुभवाचा आधार नसलेले वाक्य कितीही घडीव असले तरी कानात राहील, मनात राहणार नाही.

शेवटची बाब थांबण्याची. पडसाद उमटल्यावर वक्त्याने आणखी काही बोलू नये. आयोजकांचे आभार, वेळ दिल्याबद्दल कृतज्ञता, पुढच्या कार्यक्रमाची सूचना, हे सारे त्याआधीच आटोपलेले असावे. अखेरच्या ओळीमागून जे वाक्य येते ते तिला पुसते. तिच्यानंतर दोनच शब्द यावेत, जे सभागृहातल्या प्रत्येक मुलाला येतात आणि ज्यांचे उत्तरही त्यांच्याचकडून येते.

जय भीम.